एका पानात लक्ष्मणराव

मला थोडक्यात सांगता येत नाही, हे निपाणीत सगळ्यांना माहीत आहे. आमचं शेतीअवजारांचं दुकान आहे. फवारणी पंपाचा वॉशर मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी पंपाचा शोध कसा लागला इथपासून सांगायला सुरुवात करतो, असं आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत सांगतात. त्यांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक वॉशर घेतं, मान डोलावतं आणि पुढच्या खेपेला समोरच्या दुकानात जातं. आबांची ही तक्रार खोटी आहे. समोरचं दुकान निघाल्यापासून वॉशर घ्यायलाही फारसं कुणी थांबत नाही.

असल्या माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर बेळगावला शनिवार-रविवारच्या एमबीएला नाव घातलं, याला जबाबदार आमची कन्या. ती पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली आणि दुकानाच्या वह्या चाळून म्हणाली, “पप्पा, तुम्ही धंदा करत नाही, दुकानात बसता.” हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. ते माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा आखूड होतं, हे तर जास्तच लागलं.

मग दर शनिवारी सकाळची गाडी. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी आणि बेळगाव. वर्गात माझ्या मुलीच्या वयाची पोरं, उद्यमबागेतल्या फौंड्रीतला एक सुपरवायझर, एका बँकेतल्या बाई आणि मी. सर घरी कन्नड बोलणारे, शिकले धारवाडला, मराठी मात्र पक्की शहापूरची. पहिल्याच तासाला त्यांनी जाडजूड केस वाटली आणि म्हणाले, “एक पान. समस्या, पर्याय, निर्णय, कारणं. पानाच्या मागं काय लिहिलासा तर मी बघणार नाही.”

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. पण तेव्हा मी केसचं पहिलं पान वाचण्यात गुंगलो होतो. केस लक्ष्मणराव किर्लोस्करांची होती.

आता मला सांगा, बेळगाव भागातल्या माणसाला लक्ष्मणराव किर्लोस्कर एका पानात मांडायला सांगणं हा छळ नाही तर काय? गुर्लहोसूरला १८६९ साली जन्म. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, तिथे कळलं की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. मग यंत्रांची चित्रं काढायला लागले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवायला लागले. मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकायचे. त्या दुकानाचं साल १८८८. हक्काची बढती डावलली गेली तशी नोकरी सोडून बेळगावात आले, कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात. आजही बेळगावात किर्लोस्कर रोड आहे, आणि त्या रस्त्याने जाताना मी हे सगळं बायकोला प्रत्येक वेळी सांगतो.

माझं पहिलं टिपण चांगलंच लांबलं. त्यातला समस्येचा भागच मुळी दोन पानांचा होता आणि त्याचं शीर्षक होतं, ‘परकीय सत्तेखाली भारतीय उद्योजकतेची कोंडी’. सरांनी चाळलं. “छान लिहिलासा,” ते म्हणाले, “खरं हे वाचणार कोण?”

“तुम्ही, सर.”

“मला पगार मिळतोय वाचायचा. ज्याला उद्या जागा खाली करायची हाय, तो वाचंल काय? आणि ही कोंडी लक्ष्मणरावांनी त्या आठवड्यात फोडायची होती काय?”

नव्हती. त्या आठवड्यात त्यांच्यापुढे फारच साधा, हातात मावणारा प्रश्न होता. बेळगाव नगरपालिकेने गाव वाढवण्यासाठी त्यांना कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं होतं. मी सुधारणा केली आणि लिहिलं, ‘समस्या : नगरपालिकेची नोटीस.’ सर म्हणाले, “मग उत्तर वकील. केस संपली.” मी लिहिलं, ‘समस्या : जागा नाही.’ सर म्हणाले, “मग उत्तर जागेचा दलाल. ते पण एमबीएशिवाय मिळतोय.”

इथे मला पहिल्यांदा कळलं की समस्येचं वाक्य लिहिताना आपण पर्यायांचीच यादी ठरवत असतो. नोटीस लिहिली की सगळं डोकं नोटीस मागे घ्यायला लावण्यात जातं. जागा लिहिली की चार भिंती शोधण्यात जातं. सरांना हवं होतं ते वाक्य असं, की ज्यात ठरवणारा कोण, ठरवायचं काय आणि केव्हापर्यंत हे तिन्ही आलेलं असावं, आणि ज्याला उत्तर देता यावं. ‘कोंडी’ला उत्तर देता येत नाही, फक्त हळहळता येतं. शेवटी माझ्याकडून जे निघालं ते असं : ‘१९१० च्या आरंभी बेळगावची जागा सोडणं भाग पडलेल्या लक्ष्मणरावांनी नांगराचा कारखाना कुठे चालवावा, की चालवूच नये?’ त्यातलं ‘की चालवूच नये’ बँकेतल्या बाईंनी सुचवलं. त्या म्हणाल्या, नुसतं ‘कुठे’ लिहिलं तर बंद करण्याचा पर्याय तुम्ही वाचणाऱ्याला न विचारता खोडून टाकलात, आणि कर्जदार नेमका तोच पर्याय आमच्यापासून लपवतात.

वाक्य मिळालं, आता बाकीचं एका पानात बसवायचं होतं. त्यासाठी सरांनी एकच प्रश्न दिला. केसमधली कुठलीही गोष्ट घ्यायची आणि विचारायचं, “हे खोटं निघालं तर निर्णय बदलंल काय?” बदलणार असेल तर ती पानावर राहते. नसेल बदलणार, तर कितीही सुंदर असली तरी जाते.

परतीच्या गाडीत मी पेन्सिल घेऊन बसलो. पहिलाच घाव रंगांवर आला. लक्ष्मणरावांना रंग ओळखता येत असते तर १९१० सालचा निर्णय बदलला असता का? मी सरांशी आधीच वाद घालून ठेवला होता की हो, बदलला असता, कारण मग ते चित्रकार झाले असते, बेळगावला आलेच नसते आणि नोटीस आलीच नसती. सर म्हणाले होते, “मग त्यांच्या आजोबांचं लग्न पण घाला. ते मोडलं असतं तर पण नोटीस आली नसती.” प्रश्न हा होता की कारखाना आणि नोटीस दोन्ही असलेला माणूस त्या दिवशी काय करेल. त्याला लाल-हिरवा कळतो की नाही याचा त्याच्याशी संबंध नव्हता. मी रंग खोडले. हत्तरगीला डावलली गेलेली बढती गेली. संकेश्वरला सायकली गेल्या. सायकल जाताना मला इतकं वाईट वाटलं की शेजारच्या सीटवरच्या मामांनी विचारलं, “काय गेलंय व्हय घरात कोण?”

काही गोष्टींनी मात्र प्रश्नाला दाद दिली. पहिले लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट मी करमणूक म्हणून ठेवली होती आणि आता तीही जाणार असं धरून चाललो होतो. पण विचारून बघितलं. नांगर झटपट खपले असते तर? तर माल सावकाश पैसे परत करतो ही भीती राहिली नसती, आणि बेळगावातच जमीन विकत घेऊन त्यात भांडवल अडकवायची हिंमत झाली असती. म्हणजे ही गोष्ट राहिली. फक्त ‘लोखंडाने जमीन नासते’ हा शेतकऱ्यांचा समज गेला, कारण नांगर का खपत नव्हते यापेक्षा ते सावकाश खपतात एवढंच या निर्णयाला लागत होतं. एका वाक्याचा अर्धा भाग राहतो आणि अर्धा जातो, हे मला नवीन होतं. आमच्या घरात वाक्य एक तर पूर्ण ऐकतात, नाहीतर उठून जातात.

तसंच औंधच्या देवीच्या देवळाचं. लक्ष्मणरावांनी तिथे सभामंडप बांधायचं काम घेतलं होतं. वरवर पाहता हा मंडप नांगराच्या केसमध्ये कुठे बसतो? पण तो काढला तर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी या माणसाला ओळखतात कसे आणि त्याच्यावर विश्वास का टाकतात, हेच समजत नाही. मंडप राहिला. राजेसाहेबांचे सूर्यनमस्कार गेले. ते मी आधी कारणांत घातले होते, कसे ते आता आठवत नाही.

सौ.ने माझा चेहरा बघून तोडगा काढला. “अहो, एवढं जिवावर आलंय तर खोडलेलं सगळं दुसऱ्या वहीत लिहून ठेवा. पाहुणे आले की वाचून दाखवा.” ती वही आता चांगली भरली आहे. पाहुणे येणं कमी झालंय.

पर्यायांचं काम मला सोपं वाटलं होतं. मी तीन लिहिले. एक, काहीही न करणं. दोन, सगळं विकून उद्योगाला रामराम करणं. तीन, राजेसाहेबांनी देऊ केलेल्या कुंडल रोडच्या माळावर जाणं. रविवारी रात्री हे आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी उभा जन्म निपाणीत तंबाखूच्या वखारीवर दिवाणजी म्हणून काढला. त्यांनी पानाचा डबा मिटला.

“हे पर्याय हायत व्हय? पोराला एक पोरगी आणि दोन बाहुल्या दाखवायच्या, मग इचारायचं, कुठली पसंत?”

“मग काय लिहू?”

“बेळगावात दुसरी जागा नव्हती? भाड्यानं? जरा गावाबाहेर? ते लिही की. शहाणा माणूस काय करील ते लिही. शहाण्यानं घेतला असता असा पर्याय जवर पानावर येत न्हाई, तवर औंध का, त्याला काय अर्थ न्हाई.”

सरांनी पुढच्या शनिवारी हेच इंग्रजीत सांगितलं आणि त्याचे मार्क ठेवले. आबांना मार्क नाहीत, पण पद्धत त्यांची जास्त कामाची निघाली. वखारीत मालकापुढे बोलायचं म्हणजे प्रत्येक वाटेला दोनच रकाने, काय मिळतंय आणि काय जातंय. आत्ता तंबाखू विकला तर रोकड मिळते, पुढे चढणारा भाव जातो. ठेवला तर भावाची आशा मिळते, गोदामाचं भाडं आणि वजनातली तूट जाते. ज्या वाटेच्या ‘जातंय’ रकान्यात काहीच लिहिता येत नाही ती वाट आपल्या मनात आधीच ठरलेली असते, आणि मालक ते लगेच ओळखतो. माझ्या औंधच्या पर्यायात ‘जातंय’ खाली मी काहीच लिहिलं नव्हतं. खरं तर तिथे लिहायला बत्तीस एकर जागा होती : निवडुंग, साप, ओसाड माळ, ना कामगार, ना त्यांना राहायला घर.

एक पर्याय मी गुपचूप घालून बघितला होता, ‘आणखी माहिती गोळा करणे’. सरांनी तो खोडून शेजारी लिहिलं, “मुदत संपली.”

आता कारणं. इथे माझी सगळ्यात मोठी गंमत झाली. माझं पहिलं, ठळक अक्षरांतलं कारण होतं, ‘कारण किर्लोस्करवाडी पुढे भरभराटीला आली.’ मला ते अगदी बिनतोड वाटत होतं. निर्णय बरोबर होता याचा याहून मोठा पुरावा कोणता? कुंडल रोड स्टेशनचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी झालं!

“हे लक्ष्मणरावांना १९१० मध्ये कोण सांगितलं?” सर म्हणाले. “ज्योतिषी?”

त्या तासाला त्यांनी फळ्यावर तारीख लिहिली, १० मार्च १९१०, किर्लोस्करवाडीची स्थापना. तिच्या खाली एक रेघ मारली. रेघेच्या खालचं काहीही कारणांत आणायचं नाही. ते म्हणाले, बरोबर निर्णयाचा शेवट वाईट होऊ शकतो आणि चुकीच्या निर्णयाला नशीब साथ देऊ शकतं. तुम्ही शेवट बघून मार्क देत असाल तर तुम्ही टिपण लिहीत नाही, आरती लिहिता. मी घरी येऊन सगळी वाक्यं या रेघेवर घासली, आणि माझी सात-आठ कारणं म्हणता म्हणता एक उरलं : रेल्वे. माळ ओसाड असला तरी शेजारी स्टेशन होतं, लोखंड आणायची आणि नांगर पाठवायची सोय होती. मी ते अभिमानाने वर्गात वाचलं.

फौंड्रीवाल्याने हात वर केला. “काका, बेळगावला पण रेल्वे होतीच की.”

सगळा वर्ग हसला. मी पण हसलो, जरा उशिरा. पण त्याचं म्हणणं अजून माझ्या डोक्यात आहे. जी गोष्ट सगळ्या पर्यायांत सारखीच आहे, ती कुठल्याच पर्यायाचं कारण होत नाही. स्टेशन शेजारी आहे म्हणून माळावर कारखाना शक्य आहे, इतकंच ती सांगते. बेळगावपेक्षा माळ बरा का, हे सांगत नाही. म्हणून रेल्वे कारणांतून उठली आणि पर्यायांच्या ‘मिळतंय’ रकान्यात गेली. मग वरचढ काय उरलं? जागा विनामोल, बत्तीस एकर, म्हणजे वाढायला वाव आहे आणि पुन्हा कुणी हाकलायला वाव नाही. शिवाय राजेसाहेबांचे १०,००० रुपये, तेही बिनव्याजी. ज्याचा माल सावकाश खपतो त्याला व्याज नसलेला पैसा म्हणजे काय, हे आमच्या दुकानात बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ही दोन्ही कारणं बेळगावच्या कुठल्याही जागेला लागू पडत नव्हती.

पान तयार झालं. म्हणजे मला तसं वाटलं. पडद्यावर ते एका पानात बसत होतं, कारण मी अक्षर मुंगीएवढं केलं होतं आणि समास जवळजवळ काढूनच टाकले होते. सरांचा नियम मात्र ठरलेला : अक्षर बारा मापाचं, चारही बाजूंनी एक इंच मोकळं. शनिवारी पहाटे नियमात बसवून पान छापलं, तेव्हा ते पाठीमागे चार-पाच ओळी गेलं. इतकं चालेल म्हटलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून दुकानदाराला वर्गासाठी झेरॉक्स काढायला सांगितलं. त्याने काढल्या. पुढच्या बाजूच्या.

वर्गात माझ्या पानाचं वाटप झालं. सगळे शांतपणे वाचू लागले. मग हळूहळू सगळ्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. पानाच्या तळाशी, अगदी शेवटच्या ओळीत, ठळक अक्षरांत एकच शब्द होता : ‘निर्णय :’ आणि पुढे काहीच नव्हतं.

“एकदम निपाणीची स्टाइल,” मागून कुणीतरी म्हणालं. “सीमाप्रश्न ठेवलाय तसाच.”

सरांनी मात्र या गोंधळाचा उपयोग करून घेतला. निर्णय नाही ना, मग वर्गाने द्यायचा. आणि बघता बघता वर्गाने माझे लक्ष्मणराव बेळगावातच ठेवले! फौंड्रीवाला उभा राहून बोलला आणि फार चांगलं बोलला. साचे करणारा, ओतकाम जाणणारा माणूस वर्षानुवर्षं घडवावा लागतो. तो बेळगावात घर करून राहतो, त्याची पोरं इथल्या शाळेत आहेत. ओसाड माळावर साप बघून तो पहिल्याच महिन्यात परत आला तर बत्तीस एकर काय चाटायचे? गावाबाहेर भाड्याची जागा घ्यावी, हातातली माणसं टिकवावीत. वर्गातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी त्याच्या बाजूने हात वर केले. माझी कारणं खिशात, मूळ पानाच्या मागच्या बाजूला, अजून कुणी न वाचलेली.

तेव्हा मला आबांचं म्हणणं नीट पटलं. दुसरा पर्याय एवढा दणकट निघाला होता की आता औंध का, हे सांगायला खरंच कारणं लागणार होती. मी दोन आठवडे घेऊन पान पुन्हा लिहिलं. समस्येला तीन ओळी, पर्यायांना पानाचा तिसरा हिस्सा, निर्णयाला दोन ओळी, उरलेलं सगळं कारणांना. ते असं :

समस्या. १९१० च्या आरंभी बेळगाव नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांचा कारखाना कुठे चालवावा, की चालवूच नये?

पर्याय. एक : कारखाना बंद करून फक्त विक्रीचं दुकान ठेवणं. भांडवल मोकळं होतं, पण स्वतः बनवायचं कसब आणि नाव जातं. दोन : बेळगावजवळ भाड्याची जागा. कसबी कामगार टिकतात, पण भाडं कायमचं मागे लागतं आणि गाव वाढलं की पुन्हा उठावं लागेल. तीन : बेळगावजवळ जागा विकत घेणं. उठावं लागत नाही, पण हातातला पैसा जमिनीत जातो आणि नांगर सावकाश खपतात. चार : औंध संस्थानातला कुंडल रोडचा माळ. बत्तीस एकर आणि बिनव्याजी १०,००० रुपये मिळतात, शेजारी स्टेशन आहे, पण वस्ती, पाणी, कामगार यांची सगळी सोय स्वतः करावी लागते.

निर्णय. चौथा पर्याय घ्यावा. जाण्याआधी मुख्य कारागिरांशी बोलून ते सोबत येणार का, हे पक्कं करून घ्यावं.

कारणं. पहिलं, बेळगावचा कोणताही पर्याय एक तर व्याज किंवा भाडं मागतो. इथे दोन्ही नाही, आणि माल सावकाश खपत असताना हाच फरक कारखाना जगवतो. दुसरं, पैसा जमिनीत न अडकवता हाकलले जाण्याचा धोका या एकाच जागी टळतो. राजेसाहेबांनी देवळाच्या मंडपाच्या कामात या माणसाला पारखलं आहे, म्हणून त्यांचा शब्द नुसत्या ओळखीपुरता नाही. तिसरं, कसबी कामगार जाण्याची भीती खरी आहे आणि बेळगावात राहण्याचं तेच सगळ्यात मोठं कारण आहे. पण माणसांना घर बांधून देता येतं, शहरात हुकमी जमीन बांधून देता येत नाही.

हे पान मी वाचून दाखवल्यावर वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही. फौंड्रीवाल्याने “हां, हे चालतंय” म्हटलं. त्याच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

मला दहापैकी सहा मार्क मिळाले. एक कापला तो ‘पारखलं आहे’साठी. सरांचं म्हणणं, पारखलं की आवडलं, ते मंडप बघून कसं कळलं? उरलेले तीन एकाच गोष्टीसाठी गेले. जागा, पैसा आणि संरक्षण ही तिन्ही एकाच राजाच्या मर्जीवर उभी होती, आणि राजाचं मन फिरलं तर काय, याची एक ओळसुद्धा माझ्या पानावर नव्हती. चौथ्या पर्यायाच्या ‘जातंय’ रकान्यात ती यायला हवी होती. जागा शिल्लक होती, मी सरांना मोजून दाखवली. ते म्हणाले, “मग लिहायचं होतासा की.”

आबांनी पान वाचलं आणि म्हणाले, “एवढंच? मग इतके शनिवार काय करत हुतास?”

आमच्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल तर सांगून ठेवतो. पुढच्या टिपणासाठी निपाणीच्या तंबाखू बाजाराची केस मी घेतली आहे, दुसऱ्या कुणी घेऊ नये. आणि वर्गाच्या झेरॉक्स या वेळी कुणीतरी दुसऱ्याने काढाव्यात, पैसे मी देईन.